रिकाम्या जागी ‘पण’, ‘म्हणून’ की ‘आणि’? तिन्ही बसतात तेव्हा निवड कशावरून करायची?

रानवाटा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघेजण मिळून मराठीच्या पेपरची तयारी करतोय. वाक्य पूर्ण करायच्या प्रश्नांत जिथे उभयान्वयी अव्यय भरायचं असतं, तिथे आमचं एकमत होत नाही. बहुतेक वाक्यं सोपी असतात, त्यांवर वेळ जात नाही. पण कालच्या सरावपत्रिकेतल्या या प्रश्नावर चौघांची तीन वेगवेगळी उत्तरं आली:

*सभागृह लहान होते, ______ श्रोते मोजकेच आले. त्यामुळे कोणालाही उभे राहावे लागले नाही.*
(१) म्हणून (२) पण (३) आणि (४) कारण

उत्तरतालिकेत ‘पण’ आहे. स्पष्टीकरण काहीच नाही. वाचून पाहिलं तर ‘आणि’सुद्धा कानाला खटकत नाही, आणि एकजण अजून ‘म्हणून’वर ठाम आहे. ‘पण’च का, हे कुणी नीट उलगडून सांगेल का? नुसतं ‘वाचल्यावर बरोबर वाटतं’ हे उत्तर नकोय, कारण आम्हा चौघांना तीन वेगळ्या गोष्टी बरोबर वाटतायत.

चिंतामणी७

उत्तरतालिका चुकली आहे असं माझं मत. मी एक सरळ नियम वापरतो. दोन्ही भागांना अधिक किंवा उणे अशी खूण करायची. एक अधिक आणि एक उणे आलं तर ‘पण’, दोन्ही सारखे आले तर ‘आणि’ किंवा ‘शिवाय’. ‘लहान’ उणे, ‘मोजकेच’ पण उणे. म्हणजे ‘आणि’. ‘औषध कडू होते पण गुणकारी होते’ हे घ्या, कडू उणे, गुणकारी अधिक, लगेच ‘पण’ मिळतो. या नियमाने माझी बरीच उत्तरं बरोबर येतात.

नुसती_वाचक

‘पण’ न्यूनत्वबोधक, ‘म्हणून’ परिणामबोधक, ‘आणि’ समुच्चयबोधक आणि ‘कारण’ कारणबोधक. पहिली तीन प्रधानत्वसूचक, ‘कारण’ गौणत्वसूचक. ‘म्हणून’ उद्देशबोधकातही येतं, तिथे घोळ होतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. हे तक्त्यासारखं पाठ करा, प्रश्न सुटेल.

रानवाटा

@नुसती_वाचक ताई, प्रकार आम्हाला पाठ आहेत. इथे प्रकार ओळखायचा नाहीये, शब्द निवडायचाय. ‘पण’ कुठल्या गटातलं हे माहीत असूनही तो या वाक्यात का बसतो ते कळत नाही, अशी अडचण आहे.

@चिंतामणी७ दादा, तुमच्या नियमाने आमच्यातल्या दोघांनी ‘आणि’च लिहिलं होतं.

जुनी_वही

मी बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि असे प्रश्न काढलेही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शब्दांना अधिक-उणे देऊ नका. पहिला भाग वाचून थांबा आणि स्वतःला विचारा: एवढंच ऐकलं असतं तर पुढे काय होईल असं वाटलं असतं? ‘सभागृह लहान होते.’ ऐकणाऱ्याच्या मनात येतं, जागा कमी पडली असेल, दाटी झाली असेल, काहीजण मागे उभे राहिले असतील. ही झाली अपेक्षा. आता शेवटचं वाक्य बघा: कोणालाही उभं राहावं लागलं नाही. म्हणजे अपेक्षा फसली. ती मध्येच कुठेतरी अडली पाहिजे, आणि ती अडवणारी गोष्ट एकच आहे, श्रोते मोजकेच आले. जो भाग आधीच्या भागातून निघणारी अपेक्षा अडवतो, त्याच्या आधी ‘पण’ येतो. ‘लहान’ आणि ‘मोजके’ हे एकमेकांचे विरुद्ध शब्द नाहीत, तरीही इथे विरोध आहे. विरोध आहे तो सभागृहातून निघालेल्या अंदाजाशी.

आता ‘आणि’ का नाही ते बघू. पुढच्या वाक्याची सुरुवात ‘त्यामुळे’ने होते. ‘आणि’ घातलं तर दोन्ही गोष्टी एका रांगेत उभ्या राहतात आणि ‘त्यामुळे’ दोघींना मिळून लागू होतं. सभागृह लहान होतं त्यामुळे कोणाला उभं राहावं लागलं नाही, असं कुणी म्हणेल का? नाही. ‘पण’ घातलं की पारडं दुसऱ्या भागाकडे झुकतं आणि ‘त्यामुळे’ फक्त त्याच भागाला पकडतं. श्रोते मोजके आले, त्यामुळे उभं राहावं लागलं नाही. जुळलं.

तेच शेवटचं वाक्य बदलून बघा: ‘सभागृह लहान होते, ______ श्रोते मोजकेच आले. त्यामुळे मैफल अगदी घरगुती वाटली.’ आता लहान जागा आणि थोडे लोक, दोन्हींमुळे घरगुतीपणा येतो. इथे ‘आणि’ हेच उत्तर. पहिल्या वाक्यातली एक मात्राही बदलली नाही, तरी उत्तर बदललं.

‘म्हणून’ धरणाऱ्या तुमच्या मित्राला क्रियापद दाखवा. ‘आले’ ही श्रोत्यांची कृती आहे. सभागृह लहान आहे हा विचार करून श्रोते घरी थांबत नाहीत. तिथे ‘बोलावले’ असतं तर गोष्ट वेगळी: ‘सभागृह लहान होते, म्हणून श्रोते मोजकेच बोलावले.’ बोलावणाऱ्याला सभागृहाचा आकार माहीत असतो, त्यावरून तो निर्णय घेतो. आणि ‘कारण’ बसवायचं तर पहिलं क्रियापद बदलावं लागेल: ‘सभागृह लहान घेतले, कारण श्रोते मोजकेच येणार होते.’ ‘लहान होते’ या स्थितीला श्रोत्यांची संख्या कारण होऊ शकत नाही, ‘लहान घेतले’ या निर्णयाला होऊ शकते.

रानवाटा

हे फारच स्पष्ट झालं, सर. ‘आले’ आणि ‘बोलावले’ यांतला फरक आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आला नव्हता. मित्राला दाखवलं, त्याने ‘म्हणून’ सोडलं.

चिंतामणी७

जुनी_वही सर, सभागृहाचं पटलं. पण म्हणून अधिक-उण्याचा नियम टाकून का द्यायचा? हे एखादं वाक्य अपवाद असेल. कडू-गुणकारीला तो बरोबर लागतो.

जुनी_वही

लागतो, कारण त्या वाक्यात दोन गुण एकाच प्रश्नावर दोन बाजूंनी बोलतात. औषध घ्यावं का? कडू आहे म्हणजे नको, गुणकारी आहे म्हणजे हवं. अशा वर्णनाच्या वाक्यांत तुमचा नियम चालेल. पण दुसऱ्या भागात घटना आली की तो घसरतो. हे बघा:

*औषध गोड होते, ______ मुलाने ते नको तेवढे पिऊन टाकले.*

‘गोड’ अधिक, ‘नको तेवढे पिऊन टाकले’ उणे. तुमचा नियम ‘पण’ सांगेल. उत्तर आहे ‘म्हणून’. गोडीमुळेच तर तो जास्त प्यायला. चांगल्या गोष्टीतून वाईट परिणाम निघतो आणि वाईट गोष्टीतून चांगलाही निघतो, त्यामुळे गुण मोजून नातं कळत नाही. दोन भागांत अपेक्षा पुढे सरकली की अडली, ते पाहावं लागतं. सरकली तर ‘म्हणून’, अडली तर ‘पण’. आणि पहिल्या भागातून दुसऱ्याबद्दल काहीच अपेक्षा निघत नसेल, दोन्ही मिळून तिसऱ्याच निष्कर्षाकडे जात असतील, तर ‘आणि’ किंवा ‘शिवाय’.

वेलू

मी परीक्षेची नाही, सातवीतल्या मुलाची आई आहे. विषय निघालाच आहे तर विचारते. आमचा मुलगा नेहमी असं लिहितो: ‘तो आजारी होता कारण तो शाळेत गेला नाही.’ मी म्हटलं हे उलटं झालं. तो म्हणतो, ‘आई, आजारी असणं हेच तर कारण आहे ना?’ आणि मग मला काय सांगावं ते सुचत नाही, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही.

अबोली_२

वेलूताई, माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं अगदी हेच करतात. त्यांना कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे बरोबर कळलेलं असतं, चुकते ती शब्दाची जागा. मुलाला वाटतं की कारण सांगून झालं की त्यावर ‘कारण’ अशी चिठ्ठी लावायची. त्याला एवढंच सांगा की ‘कारण’ हा शब्द कारणाच्या आधी येतो आणि ‘म्हणून’ कारणाच्या नंतर.

पडताळा असा: रिकाम्या जागेच्या दोन्हीकडच्या भागांना ‘का?’ विचारायचं. ‘शाळेत का गेला नाही?’ ‘आजारी होता.’ उत्तर पहिल्या भागात सापडलं, तर मध्ये ‘म्हणून’. वाक्य फिरवून ‘तो शाळेत गेला नाही, ______ तो आजारी होता’ असं दिलं तर ‘का?’चं उत्तर दुसऱ्या भागात आहे, तर ‘कारण’. मुलं बोट ठेवून करतात. थोड्या वाक्यांनंतर बोटाची गरज राहत नाही.

वेलू

चिठ्ठीचं अगदी बरोबर ओळखलंत, अबोली. तो तसंच करतो. आज बसवून करून घेते. ‘गाडी चुकू नये ______ ती पहाटेच निघाली’ असं एक वाक्य त्याच्या पुस्तकात आहे. इथे गाडी चुकलेलीच नाही, मग कारण कसलं?

अबोली_२

तिथेही तेच विचारा. ‘पहाटेच का निघाली?’ ‘गाडी चुकू नये.’ उत्तर पहिल्या भागात, म्हणून ‘म्हणून’. फक्त हे घडून गेलेलं कारण नाही, मनातला हेतू आहे. ‘चुकू नये’, ‘मिळावे’, ‘दिसावे’ अशी रूपं पहिल्या भागाच्या शेवटी आली की पुढे जवळजवळ नेहमी ‘म्हणून’ असतं. नुसती_वाचक यांनी उद्देशबोधकाचं म्हटलं ते हेच.

नुसती_वाचक

हो, मला तेच म्हणायचं होतं. प्रकाराच्या प्रश्नात या दोन ‘म्हणून’मध्ये फरक करावा लागतो. जागा भरताना करावा लागत नाही, हे मान्य.

रानवाटा

अबोलीताई, ‘का?’चा पडताळा आम्ही लगेच वापरून पाहिला. बाकी ठिकाणी चालला, पण एका जुन्या प्रश्नावर अडला:

*ते झोपले असावेत, ______ घरातले दिवे बंद आहेत.*

‘ते का झोपले?’ ‘दिवे बंद आहेत’ हे काही उत्तर नाही. ‘दिवे का बंद आहेत?’ ‘ते झोपले असावेत.’ हे उत्तर आहे, आणि ते पहिल्या भागात आहे, म्हणजे ‘म्हणून’. पण उत्तरतालिकेत ‘कारण’ दिलंय. आणि गंमत म्हणजे ‘कारण’ वाचलं तरी चुकीचं वाटत नाही.

अबोली_२

हे वाक्य मी मुलांना कधी दिलेलं नाही. मला ‘म्हणून’ बरोबर वाटतं. जुनी_वही सर, तुम्ही बघाल का?

जुनी_वही

हा प्रश्न मोलाचा आहे. ‘कारण’ मराठीत दोन कामं करतो. एक, घटना का घडली ते सांगतो: ‘झाड पडले, कारण मुळे कुजली होती.’ दुसरं, मी असं का म्हणतो ते सांगतो: ‘ते झोपले असावेत, कारण दिवे बंद आहेत.’ दुसऱ्या वाक्यात दिवे हे झोपेचं कारण नाहीत, माझ्या अंदाजाचा आधार आहेत. तिथे ‘का?’ विचारून उपयोग नाही, ‘कशावरून?’ विचारायला हवं. ‘ते झोपले असावेत.’ ‘कशावरून म्हणता?’ ‘दिवे बंद आहेत.’ म्हणून ‘कारण’.

‘कशावरून?’ कधी विचारायचं? क्रियापद अंदाजाचं असेल तेव्हा. ‘असावेत’, ‘असणार’, ‘दिसते’, नाहीतर वाक्यात ‘बहुतेक’, ‘नक्की’, ‘वाटते’ असा शब्द. अशी खूण पहिल्या भागात दिसली की रिकाम्या जागेनंतर पुरावा येण्याची दाट शक्यता असते.

पण या वाक्यात अबोलीताईंचं ‘म्हणून’ चूक म्हणता येत नाही. दिवे बंद आहेत हे समोर दिसतंय, त्याचं स्पष्टीकरण म्हणून मी झोपेचा अंदाज करतो: ‘ते झोपले असावेत म्हणून दिवे बंद आहेत.’ आपण बोलताना असं सर्रास म्हणतो. झोपेतून अंधार आला हा घटनेचा क्रम, आणि अंधारावरून झोप ओळखली हा विचाराचा क्रम. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात, म्हणूनच दोन विरुद्ध शब्द एकाच जागी बसतात. त्या प्रश्नाच्या पर्यायांत ‘म्हणून’ होतं का?

रानवाटा

नव्हतं. पर्याय होते पण, कारण, किंवा, शिवाय.

जुनी_वही

मग प्रश्न निर्दोष आहे. काढणाऱ्याने दोन्ही एकत्र ठेवले नाहीत. मला दोन्ही पर्याय ठेवायचेच असते तर मी दुसरा भाग बदलला असता: ‘रात्री पाऊस पडून गेला असावा, ______ मला पहाटे पत्र्यावर आवाज ऐकू आला.’ इथे मी काय ऐकलं ते सांगतोय, तो सरळ पुरावा आहे. ‘पडून गेला असावा म्हणून मला आवाज ऐकू आला’ हे ओढूनताणून होतं. दुसरा भाग बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेला, ऐकलेला असेल तर ‘कारण’च घ्यावं.

मध्यरात्र

वाचतोय. माझी एक युक्ती देतो. दुसऱ्या भागात ‘ही’, ‘देखील’, ‘सुद्धा’ दिसलं की डोळे मिटून ‘शिवाय’ किंवा ‘आणि’ भरायचं. ‘खोली अंधारी होती, ______ तिची खिडकीही उघडत नव्हती.’ ‘खिडकीही’ आहे, उत्तर ‘शिवाय’. पूर्ण वाक्य वाचावं लागत नाही, वेळ वाचतो.

जुनी_वही

खिडकीच्या वाक्यात उत्तर बरोबर आहे. तिथे ‘ही’ म्हणजे अंधाराच्या जोडीला आणखी एक गैरसोय, आणि दोन्ही गोष्टी ‘खोली राहण्याजोगी नाही’ याच निष्कर्षाकडे जातात. पण डोळे मिटायला हे वाक्य परवानगी देईल का बघा:

*पाऊस कोसळत होता, ______ एकही खेळाडू मैदान सोडून गेला नाही.*

‘एकही’मध्ये ‘ही’ आहे आणि उत्तर ‘पण’ आहे, ‘तरी’ असेल तर तेही चालेल. ‘एकही’, ‘कोणीही’, ‘कधीही’, ‘काहीही’ यांच्यापुढे नकार आला की तो ‘ही’ भर घालत नाही, नकार पक्का करतो. नामाला लागलेला ‘ही’ वेगळा, संख्येला किंवा ‘कोणी’, ‘कधी’, ‘काही’ अशा शब्दांना लागून नकाराबरोबर येणारा ‘ही’ वेगळा. आणि ‘पाऊस कोसळत असतानाही’ यातला ‘ही’ तर विरोधच दाखवतो.

मध्यरात्र

‘एकही’चं लक्षात नव्हतं आलं. म्हणजे ‘ही’च्या आधी काय आहे ते बघून मगच युक्ती वापरायची. तेवढं वाचायला वेळ लागत नाही, ठीक आहे.

चिंतामणी७

मध्यरात्र यांच्याच खोलीवरून एक वाक्य सुचलं. सर, हे सोडवून दाखवा:

*खोली अंधारी होती, ______ तिचे भाडे कमी होते.*

माझा जुना नियम ‘पण’ म्हणतो, उणे आणि अधिक. तुमच्या रीतीने बघतो: खोली अंधारी, मग अपेक्षा काय? भाडं कमी असेल. आणि ते कमी आहे. अपेक्षा पुढे सरकली, ‘म्हणून’. पण ‘पण’सुद्धा मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

जुनी_वही

चुकीचं नाहीच. अपेक्षा काय निघते हे कोण ऐकतंय यावर असतं. भाडी कशी ठरतात असा विषय चालू असेल तर ऐकणारा म्हणेल, अंधारी आहे म्हणजे स्वस्त असणार. तिथे ‘म्हणून’. खोली घ्यायची की नाही असा विषय असेल तर ऐकणारा म्हणेल, अंधारी आहे म्हणजे नको, आणि मग कमी भाडं तो नकार अडवतं. तिथे ‘पण’. पुढे ‘आम्ही ती घेतली’ असं आलं तर ‘पण’ नक्की. आधी ‘या मजल्यावरच्या खोल्यांची भाडी उजेडावर ठरतात’ असं आलं तर ‘म्हणून’ नक्की.

याच कारणाने ‘पण’च्या वाक्यात भागांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ‘खोली अंधारी आहे, पण भाडं कमी आहे’ म्हणणारा खोली घ्यायच्या बेतात आहे. ‘भाडं कमी आहे, पण खोली अंधारी आहे’ म्हणणारा परत फिरतोय. ‘पण’नंतरचा भाग जिंकतो. पुढचं वाक्य दिलेलं असेल तर ते कोणत्या भागाच्या बाजूचं आहे ते पाहिलं की पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं.

चिंतामणी७

आणि पुढचं-मागचं काहीच दिलं नसेल, नुसतं हे एक वाक्य आणि पर्यायांत दोन्ही शब्द असतील तर?

जुनी_वही

तर तो प्रश्न सदोष आहे. उत्तरतालिकेवर हरकत घेता येत असेल तर घ्यावी, आणि नुसतं ‘दोन्ही बरोबर वाटतात’ असं न लिहिता वर दिलीत तशी दोन संदर्भवाक्यं जोडून द्यावीत. एकात ‘पण’च बसतो, दुसऱ्यात ‘म्हणून’च, हे दिसलं की हरकतीत जोर येतो.

अबोली_२

मला इथे थोडं वेगळं वाटतं. एकच वाक्य दिलं असेल तर सर्वसाधारण वाचक पहिल्यांदा काय वाचेल ते उत्तर धरावं, आणि खोलीच्या वाक्यात बहुतेक लोक ‘पण’च वाचतील. भाडं कसं ठरतं याचा विचार फार कमी जण करतात. प्रत्येक वाक्याला शोधून संदर्भ जोडायचा म्हटलं तर कुठलाच प्रश्न निर्दोष राहणार नाही.

जुनी_वही

तुमचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. पण संदर्भ ओढून आणावा लागतो की सहज सुचतो, हा फरक मी करेन. सभागृहाच्या वाक्यात ‘म्हणून’साठी संदर्भ ओढावा लागतो, खोलीच्या वाक्यात तो सहज सुचतो. चिंतामणींना तर पहिल्यांदा तोच सुचला.

रानवाटा

आमच्या गटात यावर पुन्हा दोन तट पडलेत, तेव्हा हे तूर्त तसंच राहू दे. शेवटचं एक विचारते. ‘टीका झाली तरी तो खचला नाही, ______ अधिक जोमाने कामाला लागला.’ पर्यायांत ‘पण’ आणि ‘उलट’ दोन्ही होते. उत्तर ‘उलट’. दोन्ही विरोधाचेच शब्द आहेत ना? मग ‘पण’ का नाही?

जुनी_वही

‘उलट’ला विरोधाच्या गटात ठेवू नका, तिथेच फसगत होते. ‘खचला नाही’ वरून काय वाटतं? माणूस ठीक आहे. ‘अधिक जोमाने कामाला लागला’ वरून काय वाटतं? ठीकच नाही, उत्तम आहे. दोन्ही भाग एकाच दिशेला जातात, दुसरा जास्त लांब जातो. ‘उलट’चा विरोध ‘खचला नाही’शी नाही, नाकारलेल्या ‘खचणे’शी आहे. म्हणून ‘उलट’च्या आधीच्या भागात नकार लागतो, उघड किंवा गर्भित.

‘पण’ला नकाराच्या पुढे वळण हवं असतं: ‘तो खचला नाही, पण दुखावला नक्कीच.’ न खचण्यावरून सगळं ठीक आहे असं वाटत होतं, ‘दुखावला’ने ते अडवलं. पहिला भाग तोच, दोन वेगळे शेपटे, दोन वेगळे शब्द.

मध्यरात्र

मग ‘तो रागावला नाही, ______ गप्प बसला’ यात काय? मला ‘पण’ म्हणावंसं वाटतं. गप्प बसणं म्हणजे काहीतरी बिनसलंय.

वेलू

मला ‘उलट’. आमच्याकडे कुणी रागावण्याजोगं असूनही गप्प बसलं तर आम्ही ते समजूतदारपणाचं धरतो.

अबोली_२

मी दोन्ही वाचून पाहिलं. ‘गप्प’च्या जागी ‘शांत’ असतं तर मी निःशंक ‘उलट’ म्हटलं असतं, आणि ‘घुम्यासारखा’ असतं तर ‘पण’. नुसत्या ‘गप्प’वर माझं ठरत नाही. सर, तुम्ही पेपरात हे वाक्य ठेवलं असतं का?

जुनी_वही

ठेवलं असतं, पण पर्यायांत दोघांपैकी एकच शब्द देऊन.